गणिताच्या क्लासला नाव सुचवा, मुलांना यावंसं वाटेल असं

मोगरा_नाशिक

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला राहते. आमच्या बिल्डिंगमधे तळमजल्यावरचा एक हॉल भाड्याने मिळालाय आणि जूनमधे शाळा सुरू झाल्या की तिथे पाचवी ते सातवीचे गणिताचे क्लास चालू करणार आहे. आत्तापर्यंत घरीच चारदोन मुलं यायची, ती "काकूंकडे जातोय" एवढंच सांगायची त्यामुळे नावाची कधी गरजच पडली नाही, पण आता बोर्ड लावायचाय, पावतीपुस्तक छापायचंय, तेव्हा नाव पाहिजे.

घरच्यांनी सुचवलेली नावं: प्रगती मॅथ्स अकॅडमी, जीनियस मॅथ्स, रामानुजन क्लासेस, फन विथ मॅथ्स. यातलं एकही मला पटत नाहीये आणि का पटत नाहीये ते नीट सांगताही येत नाहीये. माझ्याकडे येणारी बरीच मुलं अशी आहेत की अपूर्णांक म्हटलं की गप्प होतात. आई हाताला धरून आणते आणि मूल दाराशी उभं राहून आधी बोर्ड वाचतं, म्हणजे माझ्याशी बोलायच्या आधी त्याची गाठ त्या नावाशी पडणार. ते वाचून त्याला आत यावंसं वाटलं पाहिजे, एवढीच इच्छा आहे. मुलं मराठी, सेमी आणि इंग्लिश मीडियम तिन्हीकडची आहेत. सुचवा प्लीज.

आर्यभक्त

ताई, "शून्य" ठेवा. शून्याचा शोध आपल्या आर्यभटांनी लावला, सगळ्या जगाचं गणित त्यावर उभं आहे, मुलांना अभिमान वाटेल आणि नाव छोटं आहे, लक्षात राहील. किंवा सरळ आर्यभट गणित वर्ग.

ईशानची_आई

नाव सुचवत नाही पण एक अनुभव सांगते, उपयोगी पडेल. ईशान सहावीत असताना त्याला एका क्लासला घातलं होतं (नाव सांगत नाही). त्या नावातच "गणित कच्चं असलेल्यांसाठी" असा अर्थ निघत होता, शब्द अर्थातच गोड होते. शिकवणं खरंच चांगलं होतं. पण त्यांनी दिलेल्या दप्तरावर ते नाव मोठ्या अक्षरात छापलेलं आणि हा मुलगा रस्त्याने जाताना ते दप्तर उलटं धरायचा, छापील बाजू पोटाशी. मला आधी कळलंच नाही, मला वाटलं पट्टा तुटलाय. नंतर एकदा जिन्यात कुणीतरी विचारलं कुठे चाललास तर म्हणाला "असंच खाली". क्लासचं नाव सांगणं म्हणजे मला गणित येत नाही असं सांगणं, हे त्याच्या मनात बसलं होतं. म्हणून सोपं गणित, भीती घालवा, मैत्री गणिताशी असली नावं मोठ्यांना प्रेमळ वाटतात पण ती नकोत असं मला मनापासून वाटतं.

खडूफळा

ईशानच्या आईंनी मुद्द्यालाच हात घातलाय. मी सांगलीकडे हायस्कूलला गणित शिकवत होतो, आता निवृत्त. क्लासचं नाव मूल किती वेळा वाचतं यापेक्षा किती वेळा तोंडाने सांगतं ते बघा. कुठे चाललास, कुठून आलास, कुठल्या क्लासला आहेस, हे त्याला रोज कुणी ना कुणी विचारतं आणि दर वेळी त्याला ते नाव चारचौघांत उच्चारावं लागतं. त्यामुळे पहिली परीक्षा ही, की हे नाव सांगताना पोराची मान खाली जाते का.

आता मोगराताईंना घरची नावं का पटत नाहीत ते. जीनियस आणि रामानुजन यांत अडचण अशी आहे की नावाने आधीच एक उंची ठरवून टाकली. ज्याला तीन पंचमांश आणि दोन तृतीयांश यांतलं मोठं कुठलं ते सांगता येत नाही त्याने रामानुजन लिहिलेल्या दारातून आत जायचं म्हणजे आपण इथले नाही हे त्याला पायरीवरच कळतं. फन विथ मॅथ्सचं उलट आहे. त्यात एक वचन दिलंय आणि ते दुसऱ्याच दिवशी मोडतं, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही लसावि-मसाविची वीस गणितं घालणारच, घालायलाच पाहिजेत. शिवाय मजा येईल असं आधीच सांगितलं की मुलं जास्त सावध होतात, दवाखान्यात दुखणार नाही म्हटल्यावर होतात तशी. प्रगतीबद्दल तक्रार नाही पण ते नाव पालकांसाठी आहे, पोराला त्यात काही नाही.

आर्यभक्त, शून्याबद्दल थोडं. आर्यभटांनी संख्या लिहायला अक्षरांची पद्धत वापरली होती. शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसा करायचा याचे नियम लिहिलेले सापडतात ते ब्रह्मगुप्तांकडे, सन ६२८ मधे. त्यांनी शून्याला शून्याने भागून शून्य येतं असंही लिहिलं होतं, जे आज आपण मानत नाही, पण शून्याला इतर संख्यांसारखी एक संख्या म्हणून वागवायचं धाडस केलं ते मोठंच. तुमचा अभिमान योग्य जागी आहे, नाव फक्त बदला.

आर्यभक्त

सर धन्यवाद, ब्रह्मगुप्तांचं माहीत नव्हतं, शाळेत आम्हाला आर्यभटच सांगितले होते. पण नाव म्हणून शून्य चांगलंच आहे की, त्यात काय वाईट?

ईशानची_आई

पेपरावर मिळालेलं शून्य आठवा ना भाऊ. सहावीतली पोरं त्या क्लासवाल्यांना शून्यवाले म्हणायला एक दिवस पण लावणार नाहीत.

गुरुजी_७१

मी एका अनुदानित शाळेत शिक्षक आहे, मलाही संध्याकाळी असाच क्लास काढायचा आहे, बायकोच्या नावावर काढला तर नाव काय ठेवावं? नावात सर आलं तर चालेल का?

खडूफळा

गुरुजी, तुमचा प्रश्न नावाचा नाहीच. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८ वाचा, शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी करता येत नाही. नाव बायकोचं आणि शिकवणार तुम्ही, तर गोष्ट तीच राहते. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मोगराताई, तुम्ही नाशिकरोडच्या, म्हणजे देवळाली तुमच्या शेजारी. द. रा. कापरेकर तिथल्याच शाळेत १९३० ते १९६२ शिकवत होते. साधे शाळामास्तर, संख्यांशी खेळायचा नाद, आणि त्या नादातून निघालेला ६१७४ हा आकडा आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. मी नाव सुचवतो: ६१७४. एवढंच. त्याच्या पुढेमागे क्लास नाही, अकॅडमी नाही.

का ते सांगतो. मूल बोर्ड बघून विचारणार, हा काय नंबर आहे? तुम्ही म्हणायचं कुठलाही चार अंकी आकडा सांग, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ते ३५२४ म्हणालं. त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले की ५४३२, उलटे मांडले की २३४५, मोठ्यातून लहान वजा केलं की ३०८७. आता ३०८७ चं तेच करा. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा तेच, ८५३२ वजा २३५८, आणि आलं ६१७४. यापुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च येत राहतं. आकडा कुठलाही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. मूल दुसरा आकडा घेणार, तिसरा घेणार, घरी जाऊन आजीला आकडा सांगायला लावणार. आणि एवढ्या वेळात त्याने हातचा घेऊन चार अंकी वजाबाक्या किती केल्या बघा, वहीत तेवढ्या घातल्या असत्या तर रडलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नावात मजा आहे असं लिहायची गरज नाही. नावाच्या मागे पोराला पाच मिनिटांत स्वतः करून बघता येईल असं काहीतरी पाहिजे.

मोगरा_नाशिक

सर, अंगावर काटा आला. कापरेकरांचं नाव ऐकून होते पण हे कधी करून बघितलं नव्हतं. आत्ता लगेच २१११ घेऊन बसले आणि माझं तर शून्यच आलं! २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, मग ९९९ वजा ९९९ शून्य. काय चुकतंय?

खडूफळा

उत्तर ९९९ नव्हे, ०९९९ लिहायचं. चार घरं आहेत ती चारच राहिली पाहिजेत, पुढचं शून्य टाकून दिलं की खेळ मोडतो. आता बघा, ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. मग ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८, ६१७४. पाच पायऱ्या लागल्या. मुलं हमखास इथेच अडकतात, त्यामुळे सुरुवातीलाच वहीत चार चौकोन आखून द्या.

आणि वजाबाकी बरोबर आली का ते तुम्हाला लांबूनच कळतं. दर उत्तराला ९ ने भाग जातो, म्हणजे अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ च यायला पाहिजे. ३०८७ ची १८, ८०८२ ची १८, ०९९९ ची २७. बेरीज १९ आली की कुठेतरी हातचा राहिला. हे तपासणं मुलांनाच शिकवा, तुम्हाला लाल पेन हातात घ्यावंच लागणार नाही.

पाचवीच्या लहान पोरांना चार अंकी जड गेलं तर तीन अंकी द्या, तिथे ४९५ येतं. ३५२ घेतलात तर २९७, ६९३, ५९४, ४९५. मधला अंक दर वेळी ९, हे बहुतेक पोरांना स्वतःहूनच दिसतं आणि का ते विचारायला येतात.

बोर्डवाला_अण्णा

माझा चिंचवडला साइनबोर्डचा धंदा आहे म्हणून बोलतो. ६१७४ दिसायला एक नंबर, चार मोठे आकडे, लांबून वाचता येतं. पण अडचणी ऐका.

इंग्लिश मीडियमच्या पोरांना मराठी आकडे वाचता येत नाहीत हो. सेमीवाल्यांचं पण गणिताचं पुस्तक इंग्रजी आकड्यातलं. माझा पुतण्या ६ ला ३ म्हणतो आणि १ आणि ९ मधे गडबडतो. मग तुम्ही म्हणाल इंग्रजी आकडे टाकू. तर शॉप ॲक्टखाली नोंद केलीत की पाटी मराठीत देवनागरी लिपीत पाहिजे, आणि दुसऱ्या लिपीतलं अक्षर मराठीपेक्षा मोठं चालत नाही. २०२२ पासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या लहान दुकानांनाही ते लागू झालंय. त्यामुळे आकडे दोन्हीत टाका पण मराठी वर आणि निदान तेवढेच मोठे.

दुसरं, फक्त नंबर लावलात तर लोकांना घर नंबर वाटेल. खाली स्वच्छ ओळ पाहिजे: गणित, पाचवी ते सातवी. ही ओळ रस्त्यावरून तीस फुटांवरून वाचायची असेल तर अक्षर निदान तीन इंच उंच ठेवा. मराठीत वेलांटी, उकार, रफार वरखाली जागा खातात, गिऱ्हाईक सगळी जागा नावाला देतं आणि ही ओळ दीड इंचाची उरते, मग गाडीवरून कोणाला दिसत नाही.

ठाकुर्लीकर

कापरेकरांचा विषय निघालाय तर आमच्या डोंबिवलीला विसरू नका! त्यांनी काही संख्यांना डेमलो संख्या असं नाव दिलं होतं, आणि ते डेमलो म्हणजे जुन्या जीआयपी रेल्वेवरचं स्टेशन, आजची डोंबिवली. त्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली म्हणून त्याचंच नाव. लोकलची वाट बघताना आम्हाला कधी असं काही सुचत नाही, पण ऐकल्यापासून त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायला छान वाटतं. मला संख्यांचं फार कळत नाही, ११ गुणिले ११ करून १२१ येतं तसलं काहीतरी आहे एवढं माहीत आहे. पण ताई नाव म्हणून डेमलो कसं वाटतं?

ईशानची_आई

अय्या डेमलो कसलं गोड आहे! मी आत्ता ईशानला हाक मारून फक्त म्हटलं "डेमलोला जाणार का" तर म्हणाला "काय आहे ते?" त्याला गणित आहे हे माहीतच नव्हतं आणि तो विचारत होता!

खडूफळा

ठाकुर्लीकर, मस्त आठवण काढलीत, मी ६१७४ च्या नादात डेमलो विसरूनच गेलो होतो. आणि पाचवीच्या पोरांना तर हे ६१७४ पेक्षा जवळचं. फळ्यावर असं लिहा:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

इथे थांबा आणि पुढचं मुलांना सांगू दे. एकदम ओरडतात. नऊ एकांपर्यंत हा डोंगर चढतो आणि उतरतो, १२३४५६७८९८७६५४३२१. मग विचारा, दहा एक घेतले तर? मुलं म्हणतात मधे दहा येणार. कागदावर करून बघितलं की १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, मधे दोन शून्यं आणि चढताना आठ गायब. एरवी शिक्षक नमुना दाखवून थांबतात, पण खरा धडा तो जिथे मोडतो तिथे आहे. उभा गुणाकार मांडून दाखवा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, मधल्या उभ्या रांगेत जेवढे एक तेवढी तिथली बेरीज. नऊपर्यंत बेरीज एका अंकात मावते, दहा झाले की हातचा द्यावा लागतो आणि तो शेजारच्या घरांना धक्के देत जातो. गुणाकारात दुसरी ओळ एक घर सोडून का लिहायची हे ज्याला सहावीपर्यंत कळलेलं नसतं त्याला इथे कळतं.

मोगराताई, मी माझं मत बदलतो. डेमलो.

आर्यभक्त

पण डेमलोवरून गणित आहे हे कसं कळणार? पालक फी भरतात, त्यांना कळलं पाहिजे ना. गूगलवर पण लोक मॅथ्स क्लासेस निअर मी असं शोधतात, डेमलो कोण शोधणार?

बोर्डवाला_अण्णा

हा बरोबर बोलला. बोर्डावर नाव मोठं, खाली गणिताची ओळ, आणि गूगल मॅपवर मात्र डेमलो गणित वर्ग असं पूर्ण नाव आणि प्रकार शिकवणीचा निवडा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. मुलांसाठी पुढचा शब्द, पालकांसाठी मागचे दोन.

मनीषा_न्यूजर्सी

वाचतेय आणि माझं पण आठवलं. इथे आम्ही काही मराठी आया मिळून रविवारी मुलांना मराठी शाळेनंतर गणिताचं एक तास घेतो. आम्ही त्याचं नाव पाढेघर ठेवलं कारण आम्हाला आमच्या लहानपणीचं पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, औटकी आठवून भरून आलं होतं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, माझी आजी घडाघडा म्हणायची. मुलांना काहीच भरून आलं नाही. त्यांना पाठांतराचा तास वाटला, दोन मुली तर दारातूनच रडायला लागल्या. आता आम्ही नाव बदलायचं म्हणतोय. तुम्ही डेमलो घेणार असाल तर आम्ही ६१७४ घेऊ का? इथल्या मुलांना सिक्स वन सेव्हन फोर म्हणायला सोपं आहे आणि आकड्यांची लिपी पण अडणार नाही.

खडूफळा

मनीषाताई, जरूर घ्या, तो आकडा सगळ्यांचा आहे. पाढेघर बद्दल वाईट वाटून घेऊ नका. औटकीत खरं तर सुंदर अपूर्णांक आहेत पण आठवण तुमची होती, मुलांची नव्हती. नाव ठेवताना हे फार होतं, मोठ्यांचं बालपण पोरांच्या दारावर लागतं.

मोगरा_नाशिक

मंडळी, काल बिल्डिंगमधल्या मुलांना सरबताला बोलावलं आणि तपासून बघितलं. कुठलं नाव आवडतं असं विचारलंच नाही, कारण तसं विचारलं की मुलं मोठ्यांना आवडेल ते सांगतात. चिठ्ठ्यांवर डेमलो, ६१७४, प्रगती, जीनियस आणि फन विथ मॅथ्स लिहिलं आणि म्हटलं एक चिठ्ठी उचला आणि समजा तुमचा मित्र खाली भेटला, तो विचारतोय कुठे चाललास, तर सांगा. आणि मी फक्त ऐकत बसले.

जीनियस ज्याला आलं तो सांगताना हसायला लागला आणि बाकीचे त्याला "ए जीनियस" म्हणायला लागले, त्याने चिठ्ठी परत ठेवली. प्रगती वाचून झालं, कोणी काही म्हणालं नाही. फन विथ मॅथ्स वर एका सातवीतल्या मुलीने सांगितलं, काकू हे लहान मुलांचं आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, पाचवीला चालणारं सातवीला बालिश वाटतं. डेमलो मात्र सगळ्यांनी दोनदोनदा म्हटलं, डेमलोला चाललोय, डेमलोहून आलो, त्याला विभक्ती प्रत्यय इतके सहज लागतात की ते नाव आधीपासून असल्यासारखंच वाटलं. आज सकाळी जिन्यात भेटलेल्या मुलांना विचारलं कालचं कुठलं नाव आठवतंय, तर डेमलो आणि तो नंबर. नंबर कोणाला पूर्ण आठवत नव्हता पण तो खेळ आठवत होता आणि एकजण रात्री बसून गाडीच्या नंबरांवर करत होता म्हणे.

६१७४ चं एक झालं सर, इंग्लिश मीडियमच्या मुलांना एकसष्ट चौऱ्याहत्तर कळत नाही आणि मराठी मीडियमची मुलं सिक्स वन सेव्हन फोर म्हणायला लाजतात, एकच क्लास दोन नावांनी फिरला असता. म्हणून डेमलो नक्की करावं असं वाटतंय.

पण एक प्रश्न राहिला. आमच्या सासऱ्यांचं म्हणणं, पालकांना हे नाव हलकं वाटेल, गंभीर शिकवत नाहीत असं वाटेल. आणि दोनचार वर्षांनी मी दहावीचे वर्ग घेतले तर तेव्हा डेमलो चालेल का?

ईशानची_आई

पालक म्हणून सांगते, मला नाव गंभीर नको असतं, चौकशीला गेल्यावर बाई काय बोलतात ते बघते. तुम्ही फळ्यावर तो डोंगर मलाच करायला लावलात तर मी फी भरून येईन.

आर्यभक्त

मला नाही पटत. आमच्याकडे जळगावला पालक आधी निकाल विचारतात, किती मुलं नव्वदच्या वर. दहावीला तर नक्कीच. त्या वेळी नावात काहीतरी वजन लागतंच. मी वाईट म्हणत नाहीये, डेमलो मलाही आवडलं, पण दहावीसाठी वेगळं नाव घ्यावं लागेल बघा.

खडूफळा

दहावीचं आर्यभक्त म्हणतात त्यात तथ्य आहे, तिथे भाग एक आणि भाग दोनचे गुण समोर असतात आणि पालकाला धीर धरवत नाही. माझं मत वेगळं आहे, दहा एकांचा गुणाकार का मोडतो ते बीजगणितात पुन्हा नव्याने समजावता येतं, म्हणजे नाव मुलांबरोबर वर चढतं. पण पालक काय म्हणतील हे मी छातीठोक सांगू शकत नाही. आत्ता पाचवी ते सातवीचा बोर्ड करताय, त्यापुरतं बघा.

एक काळजी मात्र घ्या. नावामागची गोष्ट दर नव्या मुलाला त्याच्या पहिल्याच दिवशी मिळाली पाहिजे, मधेच ऑगस्टमधे आलेल्यालाही. नाहीतर जुनी मुलं डेमलो म्हणजे काय ते जाणणारी आणि नवीन आलेलं बाहेरचं, असं होतं. हे काम जुन्या मुलांकडेच द्या, नव्याला डोंगर त्यांनी शिकवायचा. आणि भिंतीवर कापरेकरांविषयी दोन ओळी लावा, जन्म १९०५, डहाणू, देवळालीचे शिक्षक. तुमच्या मुलांना कळू दे की हे सगळं त्यांच्या शेजारच्याच गावात राहणाऱ्या मास्तरांनी केलं.

ठाकुर्लीकर

नाव रजिस्टर वगैरे करायचं असतं का? कोणी चोरलं तर?

बोर्डवाला_अण्णा

एका हॉलच्या क्लासला आत्ता गरज नाही. पुढे शाखा काढल्या तर ट्रेडमार्क, शिक्षणाचा वर्ग ४१, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे साडेचार हजार लागतात. गणित वर्ग असलं सरळ वर्णनाचं नाव सहसा मिळत नाही, डेमलोसारखं वेगळं असलं तर निदान अर्ज तरी उभा राहतो. त्याआधी त्यांच्या साइटवर फुकट शोधून बघा आधी कोणी घेतलंय का, आणि नाशकात याच नावाचं काही चालू आहे का ते मॅपवर बघा.

ताई, बोर्डाचं सांगा आता. दाराच्या वर जागा किती रुंद आहे आणि समोरून रस्ता किती लांब?

मोगरा_नाशिक

अण्णा, दारावर सहा फूट रुंदी आहे, उंचीला दोन फूट मिळतील, रस्ता साधारण पंचवीस फुटांवर. डेमलोच्या खाली १२३२१ बारीक टाकावं का, मुलांना वाचता येईल असं?

बोर्डवाला_अण्णा

रस्त्यावरच्या बोर्डावर नको, तिथे डेमलो आणि गणिताची ओळ एवढंच, पाच शब्दांच्या पुढे जाऊ नका. १२३२१ दाराच्या आतल्या बाजूला पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, साधारण चार फुटांवर, दोन्ही लिपीतल्या आकड्यांत. आणि फ्लेक्स करू नका, उन्हाने वर्षभरात फिकट पडतो, पत्र्यावर रंगवून घ्या किंवा उठावाची अक्षरं लावा. माप पक्कं झालं की इथेच टाका, डिझाइन मी करून देतो, पैसे नकोत.

मनीषा_न्यूजर्सी

मोगराताई, क्लास सुरू झाला की पहिल्या आठवड्याचं इथे लिहा ना. आम्ही पुढच्या रविवारी ६१७४ करून बघतोय, त्या दोन मुली येतात का ते सांगते.